साडी बदलली, चेहरा किती बदलला?

नात्यातल्या एका काकूंचं पुण्यात साड्यांचं आणि तयार कपड्यांचं दुकान आहे. दिवाळीच्या कॅटलॉगसाठी त्यांनी आपल्या पुतणीचे फोटो काढून घेतले. पुतणी हौशी नाटकांत काम करते, त्यामुळे कॅमेऱ्यासमोर सहज उभी राहते. प्रत्येक पोशाख नेसवून फोटो काढायला ना वेळ होता ना पैसे. म्हणून ठरलं असं, की एका साध्या सुती साडीतला उभा फोटो घ्यायचा आणि बाकीचे पोशाख एआयच्या एडिटिंगने त्यावर चढवायचे. पैठणी, इरकल, नऊवारी, अनारकली, कुर्ती, जीन्सवरचा टॉप, असे चाळीसेक. पुतणीने होकार दिला, पण एक अट घातली. ‘कपडे काहीही घाला, चेहरा माझाच राहिला पाहिजे. नाहीतर माझं नाव लावू नका.’

ती अट पाळली गेली की नाही, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. चाळीस फोटो नुसते डोळ्यांनी बघितले तर दहाव्या फोटोनंतर सगळे सारखेच दिसायला लागतात. म्हणून आधी आकडा काढायचा आणि मग डोळ्यांनी बघायचं, असं ठरवलं.

चेहरा ओळखण्यासाठी मी ओपनसीव्ही या फोटोंवर काम करणाऱ्या कोड-संचासोबत वापरता येणारी दोन तयार न्यूरल जाळी, म्हणजे भरपूर फोटो दाखवून शिकवलेले प्रोग्रॅम, घेतली: चेहरा शोधायला युनेट आणि तुलना करायला एसफेस. यापेक्षा नावाजलेली जाळी आहेत, पण त्यांतल्या काहींच्या तयार फाइल फक्त संशोधनासाठी वापरायची परवानगी असते, आणि हे तर दुकानाचं काम. एसफेस चेहऱ्याचा फोटो घेऊन 128 आकड्यांची एक यादी देतं. दोन फोटोंच्या याद्या एकाच दिशेला झुकलेल्या असतील तर स्कोअर 1 च्या जवळ जातो, काहीच संबंध नसेल तर शून्याच्या आसपास राहतो. कोड एवढाच:

```python
import cv2
det = cv2.FaceDetectorYN.create("face_detection_yunet_2023mar.onnx", "", (320, 320))
rec = cv2.FaceRecognizerSF.create("face_recognition_sface_2021dec.onnx", "")

def vec(path):
    img = cv2.imread(path)
    det.setInputSize((img.shape[1], img.shape[0]))
    _, faces = det.detect(img)
    return rec.feature(rec.alignCrop(img, faces[0])).copy()

s = rec.match(vec("mul.jpg"), vec("badal.jpg"), cv2.FaceRecognizerSF_FR_COSINE)
```

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. युनेटला साधारण 10 ते 300 पिक्सेल रुंदीचे चेहरे नीट सापडतात. कॅमेऱ्यातून आलेला मोठा फोटो तसाच दिला तर चेहरा समोर ढळढळीत दिसत असूनही ते रिकाम्या हाताने परत येऊ शकतं. सगळे फोटो आधी 1500 पिक्सेल उंचीचे करून घेतले, तेव्हा काम सुरळीत झालं.

आता प्रश्न असा, की किती स्कोअर आला म्हणजे चेहरा ‘तोच’? ओपनसीव्हीच्या माहितीत एसफेससाठी 0.363 ही सीमा दिलेली असते. त्याच्या वर असेल तर एकच व्यक्ती. आमचे सगळे एडिट त्याच्या कितीतरी वर होते, म्हणजे त्या हिशोबाने काम फत्ते. पण पुतणीच्या सख्ख्या बहिणीचा फोटो घालून पाहिला तर 0.41 आला. तिला दुकानातलं कुणीही पुतणी म्हणणार नाही. ती सीमा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या उजेडात काढलेल्या फोटोंमधून माणूस ओळखण्यासाठी आहे. म्हणजे दाढी वाढली, वय वाढलं, कॅमेरा बदलला, तरी ओळख पटली पाहिजे. आमचा प्रश्न तो नव्हताच. आमच्या सगळ्या एडिटचा मूळ फोटो एकच होता, उजेड तोच, मान बहुतेकांत तशीच, हसू तेच. त्यात चेहरा हलायला काही कारणच नव्हतं.

म्हणून आमच्या फोटोंपुरती आमची स्वतःची मोजपट्टी तयार केली. पहिल्यांदा मूळ फोटो थोडा लहान-मोठा करून, कमी दर्जाच्या जेपीईजीत पुन्हा सेव्ह करून त्याच्याशीच ताडून पाहिला. तो 0.97 च्या वर राहिला. म्हणजे नुसत्या सेव्ह करण्याने जातं ते एवढंच. नंतर त्याच शूटमधले पुतणीचे बाकीचे खरे फोटो एकमेकांशी ताडले. त्यांत मान थोडी वळलेली, कुठे ओठ मिटलेले, कुठे दात दिसणारे. ते 0.72 ते 0.88 मध्ये आले. आणि तळाला बहीण, 0.41.

या तीन पायऱ्या हाती आल्यावर एडिटचे स्कोअर वाचता यायला लागले. बरेचसे एडिट 0.85 ते 0.95 मध्ये होते. इरकल साडीचा एक एडिट 0.82 वर होता. दोन खऱ्या फोटोंमध्ये 0.82 आला असता तर मी वळूनही बघितलं नसतं, कारण मान वळली की तेवढा फरक पडतोच. पण या एडिटमध्ये मान वळलेलीच नव्हती. मान जागेवर असताना 0.97 चा 0.82 झाला, तर तो फरक कुठूनतरी चेहऱ्यातूनच आलेला असणार. म्हणून एडिटचे दोन ढीग केले. युनेट डोळे, नाक आणि ओठांचे कोपरे असे पाच बिंदू देतं. त्यांवरून मान मूळ फोटोइतकीच वळलेली आहे की नाही ते कळतं. मान जागेवर असलेल्या एडिटना 0.97 ची पट्टी लावली आणि मान हललेल्यांना 0.72 ते 0.88 ची. दोघांना एकच सीमा लावली असती तर पहिल्या ढिगातले बिघडलेले चेहरे आरामात सुटले असते.

नऊवारीच्या एडिटनी वेगळीच पंचाईत केली. त्यांतल्या दोघांत डोक्यावर पदर होता आणि नाकात मोठी नथ. स्कोअर 0.61 आणि 0.64. यादीत सगळ्यात खाली. पण दोघांकडे बघितलं तर चेहरा अगदी पुतणीचा. संशय नथीवर होता. मोठी नथ ओठाच्या कोपऱ्यावर येते, आणि पाच बिंदूंपैकी एक बिंदू तिथेच असतो. तो बिंदू सरकला की चेहऱ्याचा क्रॉप थोडा तिरका कापला जातो, आणि मग पुढचं सगळंच बदलतं. संशय खरा आहे का ते पडताळायला पुतणीला पुन्हा बोलावलं, खरी नथ घालायला लावली, पदर डोक्यावर घ्यायला सांगितला आणि तशाच उजेडात काही फोटो काढले. हे खरे, हातही न लावलेले फोटो मूळ फोटोशी ताडले तर तेही 0.60 ते 0.70 मध्येच आले. म्हणजे चेहरा बदलला म्हणून नव्हे, तर झाकला गेला म्हणून स्कोअर पडला होता. त्यानंतर पदर-नथीचे एडिट या पदर-नथीच्या खऱ्या फोटोंशीच ताडले, आणि ते 0.80 च्या आसपास येऊन बसले. झाकणारा पोशाख असेल, ओढणी असो, घुंगट असो की गॉगल, तर त्याच झाकणीतले दोन-चार खरे फोटो हाताशी असल्याशिवाय त्या स्कोअरला काही अर्थ नाही, हे माझं ठाम मत झालं.

हे झालं स्कोअर विनाकारण पडण्याचं. विनाकारण न पडणं याहून त्रासाचं निघालं.

अनारकलीचा एक एडिट 0.95 वर होता. सगळ्यात वरच्या पाचांत. पुतणीने फोनवर मोठा करून पाहिला आणि लगेच म्हणाली, ‘दादा, माझा तीळ कुठे गेला?’ तिच्या डाव्या गालावर, ओठाच्या थोडा वर एक तीळ आहे. एडिटमध्ये तो साफ पुसला गेला होता. स्कोअरला हे का कळलं नाही, त्याचा हिशोब सोपा आहे. एसफेसकडे जाणारा चेहऱ्याचा क्रॉप 112 गुणिले 112 पिक्सेलचा असतो, आणि त्यात दोन डोळ्यांमधलं अंतर साधारण 35 पिक्सेल बसतं. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सुमारे 63 मिलिमीटर अंतर असतं. म्हणजे एक पिक्सेल जवळपास 1.8 मिलिमीटरचा झाला. तिचा तीळ असेल तीन मिलिमीटरचा. तो तिथे दोन पिक्सेलचासुद्धा धड राहत नाही. शिवाय ही जाळी तयार करताना त्यांना शिकवलेलंच असतं, की मेकअप, पुरळ, सावली अशा येणाऱ्या-जाणाऱ्या गोष्टींकडे काणाडोळा कर. पुतणीच्या लेखी तीळ म्हणजे ओळख, जाळ्याच्या लेखी तो डाग.

तीळ दिसला म्हणून मग मी त्या क्रॉपच्या बाहेर काय काय राहतं ते बघत गेलो. कान जवळपास बाहेर. कपाळावरची केसांची रेषा बाहेर. हनुवटीचं टोकही अनेकदा कापलं जातं. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे डोक्याचा आकार. प्रत्येक चेहरा त्या पाच बिंदूंना धरून एकाच मापाचा केला जातो, त्यामुळे धडाच्या मानाने डोकं लहान झालं तरी स्कोअरला पत्ता लागत नाही. जीन्स-टॉपच्या एका एडिटमध्ये मूळ फोटोत 56 पिक्सेल असलेलं डोळ्यांमधलं अंतर 51 झालं होतं. उंची तीच आणि डोकं नऊ टक्क्यांनी लहान, म्हणजे मुलगी एकदम फॅशनच्या रेखाचित्रातल्यासारखी लांबसडक. स्कोअर 0.93. डोळ्यांमधलं अंतर मोजायला वेगळं काही लागत नाही, युनेटच्या पाच बिंदूंत ते आयतंच असतं, म्हणून प्रत्येक फोटोसाठी ते स्कोअरच्या शेजारच्या रकान्यात लिहायला सुरुवात केली.

रंगाचंही तसंच. पैठणी आणि अनारकलीच्या काही एडिटमध्ये पुतणी उजळ झाली होती. स्वतः पुतणीनेच विचारलं, ‘मी इतकी गोरी कधी होते?’ स्कोअर मात्र जाग्यावर, कारण उजेड बदलला तरी ओळख पटावी हाच तर त्या जाळ्याचा गुण. मग गालावरचा एक छोटा चौकोन घेऊन लॅब रंगपद्धतीत त्याचा उजळपणा मोजला. या पद्धतीत काळा म्हणजे 0 आणि पांढरा म्हणजे 100. मूळ फोटोत गाल 54 होता, पैठणीच्या त्या एडिटमध्ये 61. पण एवढ्यावर आरोप करता येत नाही, कारण अख्खा फोटोच उजळ झाला असेल तर? म्हणून मागच्या करड्या पडद्याचाही चौकोन घेतला. पडदा दोन्हीकडे 47 च्या आसपास. पडदा होता तसा आणि गाल सात अंकांनी वर, म्हणजे फक्त त्वचाच धुतली गेली होती. भारी साडी नेसवली की एडिटिंगला मुलगी गोरी करावीशी वाटते, साध्या सुती कुर्तीत तसं होत नाही. आमच्या चाळिसांत तरी असंच दिसलं. त्यातून त्या साधनाने कसले फोटो बघून शिक्षण घेतलं असेल याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आकड्यांचं एवढं झाल्यावर शेजारी शेजारी ठेवून बघण्याची पाळी आली. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. दोन फोटो शेजारी ठेवले आणि ‘सारखे आहेत का?’ असं विचारलं, तर बघणारा साडीच बघतो. म्हणून फोटो मानेखाली कापले. केस, कान आणि मान मात्र ठेवली, कारण स्कोअर नेमकं तेच सोडतो. दोन्हीकडे डोळे एकाच उंचीवर आणले. मूळ फोटो कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवला, म्हणजे ‘उजवीकडचा नेहमी नकली’ असं मनात बसणार नाही.

मुख्य म्हणजे जोड्यांमध्ये भेसळ केली. बहुतेक जोड्यांत मूळ फोटो आणि एडिट. पण अधूनमधून दोन खरे, वेगवेगळे फोटो, आणि कधी तर तोच फोटो दोन्हीकडे. कुठली जोडी कसली ते बघणाऱ्याला सांगितलं नाही. बघायला बसलेल्या दुकानातल्या एका ताईंनी तोच फोटो दोन्हीकडे असलेल्या काही जोड्यांवरही ‘डोळे वेगळे वाटतात’ असं लिहिलं. यात त्यांचा दोष नाही. फरक शोधायला बसवलं की माणसाला फरक सापडतोच. पण या खोट्या फरकांचं प्रमाण माहीत असल्यामुळे त्यांच्या बाकीच्या शेऱ्यांना किती वजन द्यायचं ते कळलं. भेसळ केली नसती तर त्यांच्या प्रत्येक शेऱ्यामागे मी धावलो असतो.

बघणारा कोण, यानेही निकाल फिरतो. 2011 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. दोनच डच बायकांचे प्रत्येकी वीस फोटो लोकांना दिले आणि माणसागणिक ढीग करायला सांगितले. त्या बायकांना न ओळखणाऱ्यांनी सरासरी सात-आठ ढीग केले. ओळखणाऱ्यांना मात्र दोन ढीग करायला काहीच अडचण आली नाही. अनोळखी चेहरा आपण किती कच्चा बघतो ते यातून दिसतं. आमच्याकडेही तसंच झालं. त्या ताई पुतणीला चार-दोनदाच भेटलेल्या, त्या प्रत्येक बारीकसारीक फरकावर अडायच्या. पुतणीच्या आईने मात्र बहुतेक जोड्या भराभर पुढे ढकलल्या आणि दोन ठिकाणी थांबल्या. एकीत म्हणाल्या, ‘ही हसते तेव्हा डावा डोळा बारीक होतो. इथे दोन्ही सारखेच आहेत.’ तो इरकलचाच एडिट होता, 0.82 वाला. एडिटिंगने चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा करून टाकला होता. स्कोअर काहीतरी बिनसलंय एवढंच सांगत होता, काय बिनसलंय ते आईंनी सांगितलं.

शेजारी ठेवण्याशिवाय आणखी एक रीत वापरली. दोन्ही फोटो एकावर एक ठेवायचे आणि स्पेसबार दाबत आलटून पालटून बघायचे. जिवणी एक पिक्सेल सरकली तरी ती उडी मारल्यासारखी दिसते. ही रीत इतकी तिखट आहे, की ती आधी वापरली तर एकही एडिट पास होणार नाही. म्हणून शेजारच्या तपासणीत शंका आलेल्या जोड्यांनाच ती लावली.

मधल्या काळात काकूंनी एक मागणी केली: पैठणीच्या एडिटवर ठुशी घाला. मग ब्लाउजच्या बाह्या लांब करा. मग काठ बदला. एडिट करणारा मुलगा प्रत्येक वेळी आधीच्याच एडिटवर पुढचं काम करत होता, आणि प्रत्येक नवा फोटो त्याच्या आधीच्या फोटोशी ताडला तर 0.93 ते 0.95 येत होता. तक्रारीला जागा नाही. मूळ फोटोशी ताडत गेल्यावर मात्र उतार दिसला: 0.94, 0.88, 0.81, 0.74. प्रत्येक पायरी छोटी, पण घसरण एकाच बाजूची. गाल भरत गेले होते आणि जबडा गोल होत गेला होता. चौथ्या फोटोतली मुलगी पुतणीची मावसबहीण म्हणून खपली असती. त्या दिवसापासून दोन नियम केले. तुलना नेहमी मूळ फोटोशीच करायची. आणि सगळे बदल एकाच वेळी, मूळ फोटोवरच सांगायचे.

सगळ्यांची सरासरी काढून ‘0.89, छान’ असं काकूंना सांगणं सोपं होतं. पण कॅटलॉगमध्ये सरासरी छापत नाहीत, एकेक पान छापतात. म्हणून प्रत्येक फोटोची एक ओळ केली: स्कोअर, मान हलली का, डोळ्यांमधलं अंतर, गाल आणि पडदा यांचा उजळपणा, आणि शेवटी बघणाऱ्यांचा शेरा. मान जागेवर असलेल्या फोटोंपैकी ज्यांचा स्कोअर 0.97 पासून घसरून 0.90 च्याही खाली गेला त्यांत मूळ चेहरा जसाच्या तसा परत चिकटवायला सांगितला. गळ्यापाशी जोड नीट मिटवला की ते जमतं, आणि मग स्कोअर पुन्हा 0.97 च्या वर जातो. उजळलेल्यांना आणि तीळ गेलेल्यांना स्कोअर कितीही चांगला असला तरी हाच उपाय. चेहरा चिकटवल्यावर मात्र मानेचा रंग चेहऱ्याशी जुळतो का हे डोळ्यांनीच बघावं लागलं, कारण तो सांधा स्कोअरच्या क्रॉपबाहेर असतो. मान हललेल्यांत असं चिकटवता येत नाही, म्हणून त्यांतले नापास झालेले सरळ टाकून दिले. डोकं लहान झालेला जीन्सचा फोटोही गेला.

उरलेले फोटो शेवटी पुतणीकडे पाठवले. त्यांतले दोन तिने परत केले. दोघांचे आकडे उत्तम होते, आई आणि ताई दोघींनीही ते पास केले होते. मी कारण विचारलं, तर म्हणाली, ‘सांगता येत नाही, पण ही मी नाही.’ काकू थोड्या कुरकुरल्या, एक फोटो त्यांच्या आवडत्या पैठणीचा होता. पण अट आधीच ठरलेली होती. ते दोन्ही पोशाख पुढच्या रविवारी तिला नेसवून फोटो काढले.